ना-हरकत मिळाली, पण अटींसकट

"मी नागपुरात केंद्र सरकारच्या एका कार्यालयात तांत्रिक पदावर आहे. सोळा वर्षं नोकरी झाली. हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं आठवड्याला सहा तास शिकवायला बोलावलं आहे. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, शिवाय शनिवारी सकाळी दोन तास. तासाला ६०० रुपये. कॉलेज ऑफिसची एनओसी मागतंय. मी अर्ज दिला तर साहेब तोंडी म्हणाले, देऊ, पण आठवड्याला तीनच तास, तेही एका सेमिस्टरपुरते, पैशातला काही भाग सरकारजमा करायचा, आणि गरज पडली तर कधीही रद्द करू. ऑफिस सुटल्यावरचा वेळ माझा आहे ना? मग इतक्या अटी कशाला? सहकारी म्हणतात, एनओसीच्या भानगडीत पडूच नको, बायकोच्या खात्यात पैसे घे. दोन तास तर मी घेऊनही आलो, पोरांना आवडलं. मूळ पदव्या कॉलेजकडे जमा आहेत. काय करू?"
— एक वाचक, सेमिनरी हिल्स, नागपूर

नमस्कार भाऊ,

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यावर मी अडखळलो, म्हणून तिथूनच सुरू करतो. मूळ पदव्या परत आणा. उद्याच. बाकीचं सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल. याचं कारण पुढे सांगतो, कारण त्याचा संबंध तुमच्या एनओसीतल्या एका अटीशी आहे, जी साहेबांनी घातलेली नाही पण तुम्ही स्वतः मागून घालून घ्यायला हवी.

आता "ऑफिस सुटल्यावरचा वेळ माझा" याबद्दल. मी आस्थापना शाखेत बरीच वर्षं काढली आणि हे वाक्य टेबलासमोर उभं राहून म्हणणारे पुष्कळ पाहिले. माणूस म्हणून ते अगदी बरोबर आहे. नोकरीच्या नियमांत मात्र ते तसं नाही. मूलभूत नियमांतला ११ वा नियम सांगतो की, वेगळी तरतूद नसेल तर सरकारी नोकराचा संपूर्ण वेळ त्याला पगार देणाऱ्या सरकारच्या हाती असतो. याचा अर्थ तुम्ही रात्री आठला भाजी आणायला जाताना परवानगी घ्यायची असा नाही. अर्थ इतकाच, की त्या वेळात दुसऱ्याकडे मोबदल्याचं काम धरायचं असेल तर आधी विचारायचं. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधला १५ वा नियम हेच अधिक स्पष्ट करतो: शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय दुसरी नोकरी पत्करायची नाही. त्या नियमात आणखी एक शब्द आहे, जो लोकांच्या नजरेतून हमखास सुटतो. दुसऱ्या नोकरीसाठी वाटाघाटी करायलाही पूर्वमंजुरी लागते. म्हणजे "आधी दर ठरवू, वेळापत्रक ठरवू, मग एनओसी आणू" हा जो आपला नेहमीचा क्रम आहे, तोच मुळात उलटा आहे.

सुटका कुठे आहे? त्याच नियमात. साहित्य, कला किंवा विज्ञान या स्वरूपाचं प्रासंगिक काम पूर्वमंजुरीशिवाय करता येतं, मूळ कामाला धक्का लागत नसेल तर. एखाद्या कॉलेजनं एका दिवसाचं व्याख्यान ठेवलं आणि तुम्ही जाऊन आलात, तर ते प्रासंगिक म्हणता येईल. पण दर मंगळवारी, दर गुरुवारी, वेळापत्रकात नाव लागलेलं, तासाला ठरलेला दर, हे प्रासंगिक राहत नाही. अर्धवेळ अध्यापन हा नियमित मोबदल्याचा व्यवसाय धरला जातो आणि पूर्णवेळ सरकारी नोकराला अशी अर्धवेळ कामं, ऑफिसनंतरची असली तरी, सहसा देऊ नयेत असंच केंद्राचं धोरण आहे. तेव्हा तुमचे साहेब तुमच्या हक्काला कात्री लावत नाहीयेत. जे सहसा मिळत नाही ते थोडं मिळवून देत आहेत. हे कळल्यावर अटींकडे बघायची नजर थोडी बदलेल, बदलावी.

तुम्ही घेऊन आलेले दोन तास अजून प्रासंगिकाच्या उंबरठ्याच्या आत आहेत असं मानायला जागा आहे. पण त्यांचे पैसे घेऊ नका. कुठल्याही संस्थेच्या कामाचं शुल्क घ्यायला त्याच १५ व्या नियमात वेगळी मंजुरी लागते. कॉलेजनं व्हाउचरवर सही मागितली तर "मंजुरीनंतर" म्हणून सांगा. आणि अर्जात एक वाक्य स्वतःहून टाका की अमुक तारखांना दोन तास विनामोबदला व्याख्यान दिलं. लपवलेल्या दोन तासांपेक्षा सांगितलेले दोन तास फार हलके असतात.

बायकोच्या खात्याचा सल्ला देणाऱ्या मित्रांना चहा पाजा आणि विषय बदला. दुसरा धंदा "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष" करू नये असं त्या नियमातच लिहिलंय, तेव्हा बायकोच्या नावाची पळवाट नियम करणाऱ्यांच्या मनात आधीपासून होती. शिवाय शिकवलं तुम्ही आणि उत्पन्न दाखवलं वहिनींनी, तर प्राप्तिकराच्या विवरणपत्रातही खोटं आलं. आज हे परवानगी न घेतल्याचं साधं प्रकरण आहे. पैसे वळवले की ते सचोटीचं प्रकरण होतं, आणि वार्षिक अहवालात सचोटीचा रकाना वेगळा असतो, हे तुम्हाला सोळा वर्षांत ठाऊक झालं असेलच.

एक जुनी गोष्ट सांगतो. आमच्या कार्यालयात एक जण असाच गुपचूप शिकवायला जायचा. चांगला शिकवायचा म्हणे. पकडला कसा गेला? कुणी तक्रार केली नाही, कुठे बॅनर लागला नाही. वर्षअखेरीला नैमित्तिक रजेचा हिशोब जुळवत असताना आमच्या कारकून बाईंनी रजिस्टरवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "साहेब, यांना मंगळवारीच बरं वाटत नाही का हो?" अकरा अर्ध्या रजा, अकराही मंगळवारी, दुपारनंतरच्या. नैमित्तिक रजा वर्षाला आठ, म्हणजे अर्ध्या करून सोळा. त्यातल्या अकरा एकाच वाराला. पुढचं सगळं त्या एका ओळीतून निघालं.

तुमचं वेळापत्रक बघा आता. बहुतेक केंद्रीय कार्यालयं साडेनऊ ते सहा. कॉलेजचा तास साडेपाचला. म्हणजे सेमिनरी हिल्सवरून हिंगणा रोडला वेळेवर पोचायचं तर पावणेपाचच्या आसपास टेबल सोडावं लागणार, आठवड्यातून दोनदा, जुलै ते नोव्हेंबर. पंधरा आठवडे धरले तर तीस वेळा. तुम्ही "ऑफिस सुटल्यावर" म्हणता, पण घड्याळ तसं म्हणत नाही. साहेबांनी सहाचे तीन तास केले तेव्हा ते बहुधा हेच मोजत होते, फक्त त्यांनी ते तुम्हाला उलगडून सांगितलं नाही. आपल्याकडे वरिष्ठ आकडा सांगतात, हिशोब सांगत नाहीत.

म्हणून माझा सल्ला: तीन तासांसाठी भांडू नका, ते तीनही तास शनिवारी मागा. तुम्हाला शनिवारी सुटी, कॉलेज चालू. सकाळी नऊ ते बारा, मध्ये पंधरा मिनिटं. कॉलेजला सहा तासांचा अख्खा विषय द्यायचा असेल तर उरलेले तीन तास त्यांचा नियमित शिक्षक घेईल. तुम्ही प्रात्यक्षिकाचा किंवा प्रत्यक्ष कामाचा भाग घ्या, ज्यासाठी त्यांनी तुम्हाला बोलावलंय. आठवड्याच्या मधले तास काढून टाकले की "कार्यालयीन वेळेत नाही" ही अट आपोआप पाळली जाते, रजेचा प्रश्न उरत नाही, आणि साहेबांना फाइलवर लिहायला एक ठोस कारण मिळतं.

कागद कसा जायला हवा तेही सांगतो, कारण निम्मे घोळ इथेच होतात. तुम्ही दिलेला अर्ज एकटा पुरत नाही. कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र हवं, आणि ते तुमच्या नावे नव्हे, कार्यालयप्रमुखांच्या नावे. त्यात विषय, वर्ग, आठवड्याचे तास, वार, वेळ, सत्राची सुरुवात आणि शेवट, तासाचा दर, हे सगळं असावं. त्या पत्राला जोडून तुमचा अर्ज. त्यात शक्यतो ही वाक्यं असू द्या:

"सदर अध्यापन फक्त शनिवारी, कार्यालयीन सुटीच्या दिवशी, आठवड्यास कमाल तीन तास राहील. त्यासाठी मी रजा किंवा वेळेची सवलत मागणार नाही. कार्यालयाची माहिती, अभिलेख किंवा साधनसामग्री वापरणार नाही. शुल्काचा तपशील सत्र संपल्यावर एक महिन्याच्या आत सादर करीन. माझ्या कार्यालयाकडे सदर संस्थेचे कोणतेही प्रकरण माझ्या माहितीनुसार प्रलंबित नाही."

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टची दुसरी एखादी कंपनी असते, तिचं परवान्याचं किंवा कंत्राटाचं काम तुमच्याच शाखेत असतं, आणि अतिथी व्याख्याता म्हणून बोलावणं त्यासाठीच आलेलं असतं. नेहमीच नाही, पण असतं. ट्रस्टच्या विश्वस्तांची नावं एकदा बघून घ्या.

मग विचारा, मंजुरी देणार कोण? नियम "शासनाची पूर्वमंजुरी" म्हणतो. तुमच्या साहेबांना तो अधिकार प्रदान केलेला आहे की फाइल विभागप्रमुखांकडे वर जायला हवी, हे आस्थापनेला लेखी विचारा. मी असे कर्मचारी पाहिलेत ज्यांच्याकडे एनओसी होती, सहीची, शिक्क्याची, पण सही करणाऱ्याला अधिकारच नव्हता. ऑडिटच्या वेळी ती एनओसी असून नसल्यासारखी. आणि साहेबांचं तोंडी "देऊ" म्हणजे त्यांचं मन चांगलं आहे इतकंच; त्यावर वर्गात पाऊल टाकू नका. वर फाइल जाणार असेल तर दीड-दोन महिने सहज लागतात. हिवाळी सत्रासाठी मे महिन्यातच अर्ज टाकायला हवा होता. यंदाचं सत्र हुकलं तर उन्हाळी सत्राचं पत्र कॉलेजकडून आताच घ्या.

आता पैसे. कॉलेज याला "मानधन" म्हणेल, तुमच्या नियमांच्या भाषेत ते "शुल्क" आहे. फरक महत्त्वाचा. सरकारच्या तिजोरीतून मिळतं ते मानधन, बाहेरच्या संस्थेकडून मिळतं ते शुल्क. शुल्कासाठी पूरक नियम ११ आणि १२ बघायचे. अकरावा म्हणतो, मूळ कामाला बाधा येत नसेल तर सक्षम प्राधिकारी परवानगी देऊ शकतो. बारावा म्हणतो, ठरावीक रकमेपुढच्या शुल्काचा एक तृतीयांश भाग सरकारजमा. साहेब जे "काही भाग" म्हणाले ते हेच.

तुमचा हिशोब करून बघू. शनिवारी तीन तास, पंधरा शनिवार, पंचेचाळीस तास. ६०० च्या दरानं २७,००० रुपये. सूट अजिबात धरली नाही तर एक तृतीयांश म्हणजे ९,००० सरकारला, १८,००० तुम्हाला. सूट असेल तेवढी २७,००० मधून आधी वजा करायची आणि उरलेल्याचा तिसरा हिस्सा भरायचा. ही सूट आदेशांनी बदलत आली आहे, म्हणून चालू आकडा मंजुरीपत्रातच लिहून मागा: किती रकमेपुढे, कुठल्या लेखाशीर्षाखाली, किती दिवसांत. "नियमानुसार शुल्क जमा करावे" एवढंच लिहिलेलं पत्र घेऊ नका. तीन वर्षांनी बदलून आलेला नवा अधिकारी "नियमानुसार" या शब्दाचा आपला अर्थ लावतो आणि वसुली तुमच्या पगारातून होते. चलन भरलं की त्याची प्रत आस्थापनेत द्या आणि पोच घ्या.

प्राप्तिकराचं थोडक्यात. कॉलेजनं टीडीएस कापला नाही म्हणजे ते उत्पन्न करमुक्त झालं असं नाही. विवरणपत्रात दाखवायचंच. पगाराबरोबर अशी मिळकत आली की नेहमीचा सोपा फॉर्म चालेलच असं नाही, तेव्हा दरवर्षी स्वतः भरत असाल तर यंदा एकदा सीएला दाखवून घ्या.

एकाच सेमिस्टरपुरती का, हेही तुम्ही विचारलंत. सत्र बदललं की वेळापत्रक बदलतं, दर बदलतो, कधी वर्ग बदलतो. मुदत नसलेली परवानगी म्हणजे कुणीही पुन्हा न तपासलेली परवानगी, आणि तिचा त्रास शेवटी कर्मचाऱ्यालाच होतो: सहा तासांची एनओसी २०१९ ची, शिकवणं २०२४ चं, विषय तिसराच. या अटीवर मी साहेबांच्या बाजूनं आहे. फक्त नूतनीकरणाचा अर्ज सत्र संपायच्या महिनाभर आधी टाका.

"कधीही रद्द" या अटीवर मात्र थोडं बोलून बघण्यासारखं आहे. सप्टेंबरात तुम्हाला दौऱ्यावर पाठवलं आणि परवानगी गेली, तर अर्धा अभ्यासक्रम झालेल्या पोरांचं काय? ती पोरं ऑफिसची नाहीत हे खरं, पण तुम्ही त्यांच्यासमोर उभे राहिलेले आहात. रद्द करण्याचा अधिकार काढून घ्या असं म्हणू नका, ते मिळणार नाही. एवढंच मागा की "प्रशासकीय निकड नसल्यास पंधरा दिवसांची पूर्वसूचना" हे शब्द यावेत. आणि कॉलेजकडून आधीच लिहून घ्या की तुम्ही न आल्यास अमुक शिक्षक तास घेतील. साहेब नाही म्हणाले तरी या दुसऱ्या कागदानं तुमचं काम भागतं. पेपर तपासणं, तोंडी परीक्षा, प्रकल्पाचं मार्गदर्शन ही कामं तीन तासांच्या मंजुरीत आपोआप येत नाहीत. सत्राच्या शेवटी कॉलेज हमखास ती पुढे करतं. करायची असतील तर अर्जातच वेगळी नमूद करा.

आता पदव्यांकडे येतो. अभ्यागत व्याख्यात्याची शैक्षणिक पात्रता तपासायची तर झेरॉक्स आणि मूळ प्रत पाहून परत, इतकं पुरतं. मूळ कागद, पॅन, आधार, फोटो, आणि वर कोऱ्या रुजू अहवालावर सही, असं सगळं मागितलं तर कान टवकारा. तपासणी समिती येते तेव्हा मंजूर पदांइतके पूर्णवेळ शिक्षक दाखवावे लागतात, आणि काही कॉलेजं तो आकडा अशा उसन्या कागदांवर भरतात. तुम्ही शनिवारी तीन तास शिकवताय आणि पोर्टलवर तुमच्या पॅनसमोर "सहायक प्राध्यापक, नियमित" असं लागलेलं. त्या दिवशी तुमच्याकडे दोन पूर्णवेळ नोकऱ्या होतात, त्यातली एक सरकारी. तुमचं कॉलेज तसं आहे असं मी म्हणत नाही. पण ही अट तुम्ही स्वतः मागा: संस्थेनं तुम्हाला फक्त अतिथी व्याख्याता म्हणूनच नोंदवावं, नियमित अध्यापक म्हणून कुठल्याही नोंदीत दाखवू नये, आणि जाहिरातीत कार्यालयाचं नाव किंवा पदनाम वापरू नये. हे वाक्य एनओसीत आलं आणि तिची प्रत कॉलेजला गेली, की तुमचं अर्धं संरक्षण झालं. कॉलेजनं त्यावर आढेवेढे घेतले तर तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा आणि दुसरं कॉलेज बघा. नागपुरात कमी नाहीत.

असेच प्रश्न विचारणारी आणखी काही पत्रं पडून आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू. गाभा हाच, पूर्वमंजुरी. त्यांनाही २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, तेव्हा शनिवारची युक्ती त्यांनाही चालावी, ज्या कार्यालयांना तो लागू नाही ती सोडून. शाळेतल्या शिक्षकांनी मात्र माझ्याकडून आशा ठेवू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं २८ वं कलम त्यांना खाजगी शिकवणी करूच देत नाही, तिथे एनओसीचा प्रश्न येत नाही. मिहान किंवा बुटीबोरीतल्या खाजगी कंपन्यांत असाल तर तुमचा नियम म्हणजे तुमचं नियुक्तीपत्र. "अन्य कोणतेही काम" हे कलम शोधा, आणि त्याच्या खालचं बौद्धिक संपदेचं कलमही वाचा. वर्गासाठी बनवलेल्या तुमच्या नोट्स कुणाच्या, याचं उत्तर तिथे असतं. क्लासेसवाल्यांकडे शिकवायचं म्हणणाऱ्या सरकारी वाचकांनी हे पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचावं. कॉलेजला जे सहसा मिळत नाही ते क्लासला मिळेल असं मला वाटत नाही.

तर भाऊ, उद्या कॉलेजात जाल तेव्हा दोन कामं करा: पदव्या मोजून परत घ्या, आणि प्राचार्यांना कार्यालयप्रमुखांच्या नावे पत्र मागा, शनिवार नऊ ते बारा असं लिहिलेलं. पदव्या परत घेताना दिल्याची पोच तुमच्याकडे नसेल, तर परत घेतल्याची सही त्यांच्या रजिस्टरवर करताना तारीख मात्र टाका.